शिरोरेषा कुठं आहे ते आधी बघा

ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे यांचं उपोषण सुरू झालं. सप्टेंबरमध्ये सरकारनं कुणबी नोंदींसाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातली जुनी दप्तरं उघडायला लागली. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, १९५१ चं राष्ट्रीय रजिस्टर, गाव नमुना १४, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, ही नावं एरवी तलाठी आणि वकील यांच्याच तोंडी असायची. ती आता चहाच्या टपरीवर ऐकू येऊ लागली. कागद स्कॅन झाले, त्यांच्या पीडीएफ झाल्या आणि त्या मोबाइलवरून हातोहात फिरल्या. प्रत्येकाला त्यात एकच करायचं असतं: आजोबांचं नाव किंवा ‘कुणबी’ हा शब्द शोधायचा. शोधाच्या चौकटीत शब्द टाकला की उत्तर येतं, काही सापडलं नाही.

याचं पहिलं कारण साधं आहे. स्कॅन म्हणजे फोटो. त्यात अक्षरं नसतात, काळे-पांढरे ठिपके असतात. त्यातून अक्षरं काढायला ओसीआर करावं लागतं. दुसरं कारण मात्र ओसीआर केल्यानंतरही छळतं आणि सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ते म्हणजे निम्मी पानं आडवी पडलेली असतात आणि काही चक्क डोक्यावर उभी असतात.

पानं अशी का येतात ते कागदाकडे बघितलं की कळतं. मराठवाड्यातलं १९५४-५५ चं खासरा पत्रक घ्या. रकाने इतके की नमुना रुंदीला जास्त आणि उंचीला कमी. स्कॅनरच्या फीडरमध्ये तो अरुंद बाजूनं घातला जातो आणि पडद्यावर आडवा उतरतो. बांधलेल्या फेरफार रजिस्टरची गोष्ट वेगळी. काचेवर डावं पान स्कॅन झालं की उजव्या पानासाठी अख्खं रजिस्टर फिरवून ठेवणं सोपं जातं, कारण जाड पुठ्ठा झाकणाला अडत नाही. मग एक पान सुलट, एक उलट अशी माळ तयार होते. दोन्ही बाजू एकदम स्कॅन करणाऱ्या यंत्रात कागद कोणत्या कडेवर उलटतो ती निवड चुकली तरी मागची सगळी पानं उलटी येतात. मोबाइलचं दुखणं तिसरंच. फोन फोटो आहे तसाच साठवतो आणि ‘दाखवताना फिरवून दाखवा’ अशी चिठ्ठी सोबत जोडतो. पीडीएफ बनवणाऱ्या एखाद्या ॲपनं ती चिठ्ठी टाकून दिली की गॅलरीत सरळ दिसणारा फोटो पीडीएफमध्ये आडवा होतो.

आडव्या पानावर ओसीआर चालवलं तर काय होतं? टेसरॅक्ट हे फुकट मिळणारं आणि मराठी वाचणारं ओसीआर घेऊ. ते आधी पानावर ओळी शोधतं, मग एकेक ओळ डावीकडून उजवीकडे वाचतं. नेहमीच्या चालीत ते पानाची दिशा तपासतच नाही, पान सरळ आहे असं गृहीत धरतं. आडव्या पानावर त्याला ओळी सापडत नाहीत. सापडतात ते उभे तुकडे, आणि त्यांतून दंड, स्वल्पविराम, एखादा ‘ा’, एखादा इंग्रजी ‘l’ असा कचरा निघतो. उलट्या पानाचं जास्त वाईट. तिथं ओळी आडव्याच असतात, त्यामुळे यंत्र बिनधास्त वाचतं आणि पानभर अक्षरं देतं. त्यांत शब्द एकही नसतो. फाइल उघडून बघणाऱ्याला वाटतं की ओसीआर झालंय, मजकूर निवडताही येतोय, म्हणजे नाव यात नसणारच. चुकीच्या खात्रीनं माणूस शोध सोडतो, हा यातला खरा तोटा.

आता पान फिरवायचं. इथं एक गोष्ट समजून घेतली नाही तर पुढचं सगळं गोंधळाचं होतं, म्हणून थोडं थांबू. पीडीएफमधलं पान तीन तऱ्हांनी ‘फिरतं’. पहिली तऱ्हा म्हणजे वाचताना पडद्यावर फिरवणं. Rotate View दाबलं, पान सरळ दिसलं, फाइल बंद केली, पुन्हा उघडली तर पान होतं तसंच. फाइलीत काहीच बदललेलं नसतं. दुसरी तऱ्हा म्हणजे पानाच्या नोंदीत `/Rotate` नावाची खूण लिहिणं. ती ०, ९०, १८० किंवा २७० असते आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं मोजली जाते. चित्राला हात लागत नाही, फक्त ‘दाखवताना एवढं फिरवा’ अशी सूचना फाइलीत पक्की होते. तिसरी तऱ्हा म्हणजे चित्राचे ठिपकेच फिरवून नवं चित्र बनवणं.

आपल्या कामाला दुसरी तऱ्हा पुरते आणि तीच बरी. चित्र पुन्हा दाबलं जात नाही, दर्जा घसरत नाही आणि चुकलं तर खूण बदलता येते. फक्त पुढचं साधन ती खूण मानणारं हवं. `pdftoppm` ती मानतं. `pdfimages` मात्र फाइलीतलं मूळ चित्र जसंच्या तसं उपसून देतं आणि खुणेकडे ढुंकूनही बघत नाही. ‘पीडीएफ सरळ दिसते, पण ओसीआर कचरा देतं’ अशी तक्रार आली की आधी हेच तपासावं. कोणत्या पानावर कोणती खूण आहे ते `pdfinfo` सांगतं:

```
pdfinfo -f 1 -l 40 ambad.pdf
```

प्रत्येक पानापुढं `size` आणि `rot` येतं. उभ्या ए-४ चा आकार साधारण ५९५ गुणिले ८४२ पॉइंट दिसतो. `rot` शून्य असून पान आडवं दिसत असेल तर चित्रच आडवं आहे. `rot` ९० असून पान आडवं दिसत असेल तर कुणीतरी आधी फिरवायला गेलंय आणि चुकलंय.

पान कुठल्या बाजूला फिरवायचं हे ठरवायला देवनागरी वाचणाऱ्याकडे एक फार चांगली खूण आहे, ती म्हणजे शिरोरेषा. रोमन लिपीतलं पान छोट्या चित्रात उलटं आहे की सुलटं, हे पटकन कळत नाही. मराठी पानात ओळीच्या एका कडेला सरळ रेघ असते आणि दुसऱ्या कडेला अक्षरांचे पाय लोंबत असतात. अक्षर वाचता येईना इतकं लहान झालं तरी ती रेघ दिसते. रेघ ओळीच्या वर असेल तर पान सरळ. खाली असेल तर पान उलटं, १८० अंश फिरवा. रेघ उभी आणि ओळीच्या डाव्या अंगाला असेल तर मजकूर खालून वर चाललाय, पान घड्याळाच्या दिशेनं ९० अंश फिरवा. रेघ उजव्या अंगाला असेल तर मजकूर वरून खाली चाललाय, २७० अंश फिरवा. मोडीलाही हीच युक्ती चालते, कारण मोडी लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढतो आणि मग तिच्याखाली लिहितो. निजामकाळातल्या उर्दू पानाला हा आधार नाही. ते वाचणाऱ्यालाच दाखवावं.

एक फसगत मात्र लक्षात ठेवा. रुंद नमुन्यात रकान्यांची शीर्षकं कधी उभी छापलेली असतात, समासात कुणी आडवा शेरा मारलेला असतो आणि गोल शिक्का कसाही बसलेला असतो. शीर्षक किंवा शिक्का बघून पान फिरवू नका. नावं आणि गट नंबर ज्या ओळींत आहेत त्यांची रेघ बघा. बाकीचं आडवं राहिलं तरी चालेल.

आता एक फाइल घेऊन शेवटपर्यंत जाऊ. समजा अंबड तालुक्यातल्या एका घराण्याचे चाळीस पानी कागद एकाच पीडीएफमध्ये आहेत. पहिली सहा पानं टाइप केलेले अर्ज आणि आदेश, सरळ. सात ते दहा खासरा पत्रकाचे उतारे, रेघ डावीकडे. अकरा ते तीस फेरफार रजिस्टर, त्यात सम क्रमांकाचं प्रत्येक पान उलटं. एकतीस ते छत्तीस शाळेच्या रजिस्टरचे मोबाइलवर काढलेले फोटो, रेघ उजवीकडे. शेवटची चार पानं छापील, सरळ. फाइल छोट्या चित्रांच्या रूपात उघडून ही यादी कागदावर लिहून काढायची. पाच मिनिटांचं काम आहे आणि पुढची सगळी मेहनत यावर उभी आहे. चूक सहसा सुटी नसते. ती स्कॅन करणाऱ्या हाताच्या सवयीतून येते, म्हणून तिला एक चाल असते. चाल सापडली की पानं एकेक करून फिरवावी लागत नाहीत.

उबुंटू किंवा डेबियन असलेल्या संगणकावर लागणारी सगळी साधनं एका ओळीत बसतात:

```
sudo apt install qpdf poppler-utils ocrmypdf tesseract-ocr-mar
```

आणि फिरवण्याचं काम एका आज्ञेत होतं:

```
qpdf ambad.pdf ambad_saral.pdf \
  --rotate=+90:7-10 \
  --rotate=+180:11-30:even \
  --rotate=+270:31-36
```

अंकापुढची अधिकची खूण महत्त्वाची आहे. ती असली तर पानावर आधी जी खूण असेल तिच्यात भर पडते. ती नसेल तर आधीची खूण पुसून नवी लिहिली जाते. डोळ्यांना दिसतंय त्यावरून ठरवत असाल तर अधिक लावायचंच. दुसरी गोष्ट `even` ची. ती पानाच्या क्रमांकाची समता बघत नाही, दिलेल्या पल्ल्यातलं दुसरं, चौथं, सहावं पान घेते. पल्ला अकरापासून सुरू झाला म्हणून दुसरं पान बारावं आलं आणि हिशेब जुळला. पल्ला बारापासून सुरू केला असता तर `even` नं तेरावं, पंधरावं उचललं असतं आणि सुलटी पानं उलटी झाली असती. आज्ञा लिहायचा कंटाळा असेल तर PDF Arranger हा फुकट कार्यक्रम आहे. त्यात पानांची छोटी चित्रं दिसतात, हवी ती निवडून फिरवता येतात आणि नवी फाइल जतन करता येते.

हे यंत्रालाच का करू देऊ नये, असं कुणीही विचारेल. करू देता येतं, पण मराठी दप्तरावर त्याचा भरवसा किती धरायचा हे आधी बघावं लागतं. टेसरॅक्टमध्ये दिशा ओळखण्याची वेगळी सोय आहे. सातवं पान तपासून बघू:

```
pdftoppm -r 300 -f 7 -l 7 -png ambad.pdf pan
tesseract pan-07.png - --psm 0
```

उत्तर असं काहीसं येतं:

```
Orientation in degrees: 270
Rotate: 90
Orientation confidence: 3.41
Script: Devanagari
```

`Rotate: 90` म्हणजे पान घड्याळाच्या दिशेनं ९० अंश फिरवा. तिसरी ओळ म्हणजे यंत्राची स्वतःबद्दलची खात्री. हे टक्के नव्हेत. सर्वांत चांगली दिशा दुसऱ्या क्रमांकाच्या दिशेपेक्षा किती पुढं आहे, एवढंच तो आकडा सांगतो. आत काय चालतं तर यंत्र पानावरचे सुटे सुटे काळे आकार उचलतं, प्रत्येकाला चारही बाजूंनी फिरवून बघतं आणि कुठल्या बाजूनं ते ओळखीच्या अक्षरासारखे दिसतात याची बेरीज करतं.

आणि इथंच आपली शिरोरेषा आड येते. इंग्रजीत अक्षरं सुटी असतात, पानभर शेकडो आकार मिळतात. मराठीत ‘अंतरवाली’ हा शब्द रेघेनं जोडलेला, म्हणजे यंत्राच्या लेखी एकच लांबलचक आकार. रुंदी उंचीच्या दुपटीहून जास्त असलेले आकार ते अक्षर म्हणून धरतच नाही, बाजूला टाकतं. उरतात तुटक तुकडे, दोन अक्षरी शब्द आणि अंक. असे किमान पन्नास आकार मिळाले नाहीत तर `Too few characters. Skipping this page` असं सांगून ते हात झटकतं. उतारा पानभर असो, यंत्राच्या लेखी तिथं अक्षरंच कमी. डोळ्याला जी रेघ दिशा दाखवते, तीच यंत्राला अडवते.

म्हणून मराठी पानांची खात्री इंग्रजीपेक्षा कमी आकड्यांत येते आणि त्याचा थेट परिणाम `ocrmypdf` वर होतो. त्यात पानं आपोआप फिरवायला `--rotate-pages` आहे, पण खात्री १४ च्या वर असेल तरच ते पान फिरवतं. खाली असेल तर `confidence too low to rotate` अशी नोंद करून पुढं जातं. आपण म्हणतो आज्ञा दिली होती, आणि पानं आडवीच राहतात. `--rotate-pages-threshold 3` असं लिहून उंबरठा खाली आणता येतो. छापील पुस्तक, राजपत्र, मतदार यादी असेल तर खुशाल आणा. हातानं भरलेल्या रजिस्टरवर आणू नका, तिथं यंत्र सरळ पानंही उलटी करतं. `Script` ची ओळही बघत चला. पान मराठी आहे हे तुम्हाला माहीत असताना तिथं भलतीच लिपी आली, तर दिशेवरही विश्वास ठेवू नये.

माझा शिरस्ता असा की मिश्र दप्तर असेल तर दिशा डोळ्यानं ठरवायची, आणि शेकडो पानांचं एकसारखं छापील काम असेल तर यंत्राला द्यायचं.

पानं सरळ झाली की ओसीआर:

```
ocrmypdf -l mar+eng --deskew --sidecar ambad.txt \
  ambad_saral.pdf ambad_shodh.pdf
```

`--deskew` हे वेगळं काम आहे. कागद दोन-तीन अंश तिरका बसला असेल तर ते ओळी सरळ करतं. आडवं पान त्यानं उभं होत नाही, म्हणून ९० आणि १८० चं काम आधी उरकावं लागतं. स्कॅन ३०० डीपीआयचं असेल तर काना-मात्रा टिकतात. मोबाइलवरून दोनदा-तीनदा पुढं पाठवलेल्या फाइलीत त्या आधीच विरघळलेल्या असतात आणि ओसीआर त्या परत आणू शकत नाही.

इथं आज्ञा अडली आणि पानावर आधीच मजकूर असल्याची तक्रार आली, तर कुणीतरी आडव्या पानांवरच ओसीआर करून ठेवलंय. तो जुना कचरा काढायला `--force-ocr` वापरावं लागतं. त्यात प्रत्येक पानाचं नवं चित्र बनतं आणि फाइल फुगते. `--redo-ocr` फक्त मजकुराचा थर बदलतं, पण त्याच्यासोबत `--deskew` चालत नाही. `--skip-text` मात्र इथं घातक आहे. कचऱ्याची पानं ‘झालेली’ समजून ते सोडून देतं.

काम झालं की `ambad.txt` उघडा. वाचत बसायची गरज नाही, वरून खाली नजर फिरवली तरी पुरे. सरळ वाचलेल्या छापील पानात शब्द ओळखू येतात, चुका असल्या तरी. उलटं राहिलेलं पान लांबूनच कळतं: दंड, कंस, सुटे काने, इंग्रजी अक्षरांचे तुकडे. मग एखादा शब्द शोधा, जो त्या पानावर आहेच हे तुम्हाला डोळ्यानं दिसतंय. गावाचं नाव चांगलं. शोधताना एक भान ठेवा. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधीच्या अंबड, भोकरदनच्या कागदांवर जिल्हा औरंगाबाद असणार आणि परतूरच्या कागदांवर परभणी. ‘जिल्हा जालना’ शोधून काही आलं नाही म्हणून ओसीआरला दोष देऊ नका.

आपल्या चाळीस पानांचं शेवटी काय झालं, तेही सरळ सांगायला हवं. पहिली सहा आणि शेवटची चार छापील पानं नीट शोधता येतात. खासरा पत्रकातले छापील रकाने आणि शीर्षकं येतात, पण त्यांत हातानं भरलेली नावं येत नाहीत, किंवा येतात ती ओळखू येत नाहीत. फेरफार आणि शाळेच्या रजिस्टरचंही तसंच. टेसरॅक्टचं मराठी छापील अक्षरांवर शिकलेलं आहे. तलाठ्याचं वळण त्याला वाचता येत नाही, आणि मोडी तर नाहीच. म्हणजे ज्या पानांवर ‘कुणबी’ शब्द असण्याची शक्यता जास्त, ती माणसालाच वाचावी लागतात. पानं सरळ केल्यानं तिथं फायदा होतो तो डोळ्यांना आणि मोडी वाचकाला: मान वाकडी न करता, फाइल दर पानाला न फिरवता वाचता येतं.

दोन गोष्टी शेवटी. महाभूमीवरून उतरवलेला डिजिटल सहीचा सातबारा या कामात ओढू नका. त्यात मजकूर आधीच असतो, आणि पान फिरवून जतन केलं की सही बाद ठरते. `ocrmypdf` सही असलेली फाइल घ्यायला स्वतःहूनच नकार देतं. आणि कार्यालयातून मिळालेली मूळ पीडीएफ, आडवी असो की उलटी, तशीच वेगळी ठेवा. सरळ केलेली प्रत शोधायला आणि वाचायला आहे. पुरावा म्हणून द्यायचा तो मूळ दप्तरावरून मिळालेला प्रमाणित उताराच.